मामांच्या धोतरांच्या झोळ्या

आमच्या घरात तीन यंत्रं आहेत, हे मला लग्नाला नऊ वर्षं झाल्यावर कळलं. कळलं म्हणजे, तालुक्याहून बचत गटाच्या बैठकीला आलेल्या मॅडमनी आम्हा बायकांना वह्या काढायला लावल्या आणि म्हणाल्या, "धंद्यासाठी आधी कर्ज मागू नका. आधी घरात कोणतं यंत्र धूळ खात पडलंय ते लिहा." मी लिहिलं: एक शिलाई मशीन, एक मिक्सर, एक जुना कॉम्प्युटर. लिहून झाल्यावर मलाच वाटलं, बाई, आपण तर कारखानदार निघालो.

गाव आमचं चकलांब्याच्या बाजूचं, रान कापसाचं. घरात सासू, सासरे, नवरा, मी आणि दोन पोरं. सासूला मी आत्याबाई म्हणते, सासऱ्यांना मामा. त्या संध्याकाळी मी वही वाचून दाखवली आणि घरात एकदम हुरूप आला. ज्याला त्याला वाटायला लागलं की आपल्या वाटणीचं यंत्रच घर पुढं नेणार.

पहिला उठला नवरा. कॉम्प्युटर त्याचा, कॉलेजात असताना जुना घेतलेला. सुरू करून चहा ठेवावा, चहा पिऊन कप विसळावा, तेव्हा कुठं पडद्यावर चित्र येतं. त्यानं ठरवलं, लग्नाचे बायोडाटा करून द्यायचे. गावात लग्नाळू पोरांना तोटा नाही. दोन दिवस बसून त्यानं गणपतीच्या चित्राचा एक सुरेख नमुना केला. मग छापायला गेला तर प्रिंटरची शाई वाळून खडखडीत. नवी शाई आणेपर्यंत शेजारच्या पोरीनं मोबाइलवर त्याहून देखणा बायोडाटा करून सगळ्या गावाला फुकट पाठवूनही दिला. नवऱ्यानं कॉम्प्युटरवर परत रुमाल टाकला आणि रानात निघून गेला.

माझी मशीन पायाची, काळी, जड. लग्नात वडील कपाट देणार होते. मीच हट्ट धरला की कपाट नको, मशीन द्या. गेवराईत मी शिवणाचा क्लास केला होता आणि मला त्याची फार घमेंड होती. वडील मशीन घेऊन स्वतः टेम्पोत मागं बसून आले, खड्ड्यात तिला धक्का बसू नये म्हणून धरून. चार वर्षांपूर्वी ते गेले. तोवर इकडं पोरं झाली, घरकाम वाढलं, आणि मशीन हळूहळू फळी झाली. तिच्यावर दप्तरं, औषधाच्या बाटल्या, मामांचा चष्मा, सगळं मावायचं. ती कोणाला नकोशी नव्हती, पण ती चालवायचं कोणाच्या ध्यानातही येत नव्हतं. माझ्याही नाही, हे कबूल केलं पाहिजे.

वहीत नाव लिहिल्यावर मी तिला तेल घातलं, नवा पट्टा बसवला आणि ब्लाउज शिवायला घेतले. आठ दिवसांत घर कापडानं भरलं. पण आमचं गाव म्हणजे निम्मी भावकी. कोणी चुलत जाऊ, कोणी मावससासू. ब्लाउज घेताना प्रत्येकीचं एकच वाक्य: "घरचंच हाय की गं." एकीनं तर ब्लाउज घेतला आणि वर अस्तराचं उरलेलं कापडही मागून नेलं. पैसे मागायची मला लाज, आणि न द्यायची त्यांना नाही. मी चिडून चार दिवस मशीनला हात लावला नाही. दप्तरं परत तिच्यावर चढली.

आत्याबाईंनी ते पाहिलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "कड्याची मशीन मागतीय."

कड्याची म्हणजे माझी नणंद, आत्याबाईंची एकुलती एक लेक. कडा गावाला दिली म्हणून कड्याची. मी तिला ताई म्हणते.

"कोणती मशीन?"

"तुजी. पडूनच हाय म्हणली. दिवाळीला येईल, तवा नेईल. मी म्हणलं, दिवाळीपातूर बघते. चालली तर राहू दे इथं, न्हाईतर ने बाई."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या वडिलांनी धरून आणलेली मशीन, आणि ही भाकरी उलथल्यासारखी कड्याला उलथणार. भांडी जरा जोरात आपटली, एवढंच. रात्री नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई बोललीय म्हणल्यावर करंल ती." नवऱ्याचा असा आधार मला कायम असतो.

तेवढ्यात आत्याबाईंनी स्वतःच्या वाटणीचं यंत्र हातात घेतलं. शेंगदाण्याची चटणी करून विकायची. चटणीला त्यांचा हात चांगला, त्यात दुमत नाही. पण त्यांनी जन्मभर ती उखळात कुटलेली. कढईतून काढलेले गरमागरम दाणे त्यांनी मिक्सरच्या भांड्यात कोंबले आणि बटण फिरवलं ते सोडलंच नाही. दाण्याला तेल सुटलं, चटणीचा लगदा झाला. लगदा मोकळा व्हावा म्हणून त्यांनी आणखी फिरवलं. मग मिक्सर घुर्र करून बसला. जळका वास आला, आणि कितीही बटण फिरवलं तरी तो हूं नाही की चूं नाही.

"मेला," आत्याबाई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं.

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी मिक्सर पिशवीत घालून उमापूरला गेलो. तिथं बाजाराच्या कडेला लिंबाखाली एक चाचा बसतात. मिक्सर, स्टो, फवारणीचे पंप, कुकर, जे आणाल ते दुरुस्त करतात. त्यांनी मिक्सर हातात घेतला, उलटा केला, तळाशी असलेलं बारकं लाल बटण अंगठ्यानं दाबलं, आणि तार जोडून फिरवला. मिक्सर सुरू.

आत्याबाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

"भाभी," चाचा म्हणाले, "हा घरचा मिक्सर हाय, गिरणी न्हाई. जोर पडला की खुद बंद व्हतो, जळू नये म्हणून. थोडं थोडं फिरवा, मधी थंड होऊ द्या. आन दाणे बी थंड करून घाला." पैसे घ्यायला ते तयार होईनात. शेवटी चहावर मिटलं.

चहा येईपर्यंत आम्ही तिथंच लिंबाखाली बसलो. तेवढ्या वेळात चाचांकडं तीन माणसं आली आणि तिघांचंही काम चाचांचं नव्हतं. एकाच्या पोराच्या दप्तराचा बंद तुटलेला. एकाच्या जर्किनची चेन अडकलेली. एका बाईची पिशवी तळातून फाटलेली. चाचा तिघांनाही सांगत होते, "अपना काम नहीं भाई. पलीकडं शिलाईवाला बसायचा, पोराकडं पुण्याला गेला. जागा तशीच हाय."

आत्याबाईंनी चहाची बशी खाली ठेवली आणि माझ्याकडं पाहिलं. मी दुसरीकडं पाहिलं.

"बघतीस काय तिकडं," त्या म्हणाल्या. "हितं काय तुजी भावकी बसली न्हाई."

घरी मामांनी विरोध केला. घरची सून बाजारात मांडी घालून बसणार म्हणून. आत्याबाई म्हणाल्या, "मांडी कशाला घालतीय? स्टुलावर बसंल." आणि विषय मिटला. पुढच्या बाजाराला मशीन टमटममध्ये चढली. मागं मी बसले, तिला धरून. बसल्यावर वडिलांची आठवण आली आणि उमापूर येईपर्यंत मी पदर डोळ्याला लावून होते. टमटमवाल्याला वाटलं, सासूनं हाकललं.

पहिल्या दिवशी मी मान खाली घालून शिवत होते. दुसऱ्या बाजाराला मान वर झाली. तिसऱ्याला मी एका गिऱ्हाइकाला झापलं, कारण तो चेन नवी बसवल्यावर जुनी चांगली होती म्हणायला लागला. परक्या माणसाशी व्यवहार किती सोपा असतो हे मला तिथं कळलं. काम दाखवायचं, दर सांगायचा, माणूस खिशात हात घालतो. तुझा नवरा माझ्या मामाचा कोण, हे मधे येत नाही. चाचा शेजारी ठोकठोक करायचे, मी खडखड करायची. त्यांच्याकडं आलेल्याला ते माझ्याकडं धाडायचे, माझ्याकडं कुकर घेऊन चुकलेलीला मी त्यांच्याकडं.

दसरा जवळ आला तशा कापूस वेचणाऱ्या बायका यायला लागल्या. आमच्याकडं वेचणीला बाया जुन्या लुगड्याची झोळी कंबरेला बांधतात. कापूस भरत जातो तशी ती कंबर ओढते, गाठ सुटते, नाहीतर कापड गाठीपाशी फाटतं. बाया ते फाटलेलं शिवून मागायच्या. हे मी घरी सांगितलं तर आत्याबाई भाजी चिरता चिरता थांबल्या.

"झोळी कंबरंला बांधायचीच कावून? मी तीस वर्सं वेचला कापूस. कंबर अजून दुखती. दोन्ही खांद्याला पट्टे कर, दप्तरासारके. तोंड छातीपाशी रुंद ठेव, दोन्ही हात एकदम जाया पायजेत. आन तळाला नाडी कर. भरली की नाडी वढायची, कापूस खाली. अंगातून काढायला नको."

त्यांनी मला जमिनीवर बोटानं आखून दाखवलं. मी वहीत उतरवलं. खरं सांगते, शिवणाच्या क्लासला मला कोणी एवढं नेमकं माप सांगितलं नव्हतं. पहिली झोळी शिवून आमच्याच रानात आत्याबाईंनी घातली आणि एक तास वेचून आल्या. "पट्टा दोन बोटं रुंद कर. खांद्यात रुततोय," एवढंच म्हणाल्या. त्यांच्या तोंडून एवढंच म्हणजे पुष्कळ.

आता मी जी हुशारी केली ती ऐका. कापड विकत घ्यायला नको म्हणून मी खताची रिकामी पोती आणली. गावात घरोघरी पडलेली, फुकट. धुऊन, वाळवून, कापून झोळ्या शिवल्या. साध्या सुया पटापट मोडल्या, मग अठरा नंबरची जाड सुई लावली, नायलॉनचा दोरा लावला, जाड जागी चाक हातानं फिरवत शिवलं. दहा वर्षं टिकतील अशा झोळ्या. उमापूरच्या बाजारात एका मोठ्या शेतकऱ्यानं आपल्या मजुरांसाठी वीस झोळ्या एकदम घेतल्या. त्या दिवशी मी टमटममध्ये पुढं बसून आले.

दसऱ्यानंतरच्या दुसऱ्या बाजाराला तो शेतकरी परत आला. मला वाटलं, आणखी हव्या असतील. त्यानं वीसच्या वीस झोळ्या माझ्या मशीनपुढं आपटल्या आणि मूठ उघडली. मुठीत कापूस होता, आणि कापसात पोत्याचे बारीक चकचकीत धागे.

"हे बघा. व्यापाऱ्यानं गाडी बाजूला काढली माझी. कापसात प्लास्टिक हाय म्हणला. भाव तोडला. सगळी गाडी निवडायची कशी आता?"

पोतं कापलं की त्याच्या कडा सुटतात, धागे निघतात, आणि ते कापसाबरोबर सरकी काढायच्या जिनिंगपर्यंत जातात. पुढं सुतात आणि कापडात गेले की तिथं रंगही धरत नाहीत. हे त्यानं मला सगळ्या बाजारासमोर समजावून सांगितलं, आणि हळू आवाजात नाही. मी कापसाच्या रानात जन्मलेली बाई. मला हे कळायला हवं होतं. फुकटच्या पोत्याला भुलले. मला इतकी शरम वाटली की वाटलं, मशीन इथंच सोडून द्यावी आणि पायी घरी जावं. पण जीभ माझी लांब आहे, ती अशा वेळी कामाला येते. मी म्हणाले, "दादा, चूक माझी. पुढच्या बाजाराला वीस झोळ्या सुती कापडाच्या आणून देते. नाही आणल्या तर या लिंबाखाली परत बसणार नाही."

चाचा ठोकायचे थांबले. शेतकरी म्हणाला, "बघतो." आणि गेला.

घरी येऊन मी रडले. दिवाळी तोंडावर होती. सुती कापड आणायचं तर गेवराईला जायला हवं, आणि वीस झोळ्यांना लागणारं कापड घेण्याएवढं माझ्याजवळ नव्हतं. मनात एकच चाललं होतं: आता ताई येणार, आणि मशीन जाणार. आत्याबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पोत्याची एक झोळी हातात घेतली, कडेचा धागा ओढून बघितला, आणि म्हणाल्या, "मी बी बघितलं न्हाई. माजं बी ध्यान न्हवतं." मग उठून आत गेल्या. पेटी उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात मामांची पाच पांढरी धोतरं होती.

मामा गेली काही वर्षं पायजमा घालतात. पण धोतरं त्यांनी सणासाठी म्हणून जपून ठेवलेली. ते ओट्यावरून ताडकन उठले.

"ती माजी हायती."

"माहीत हाय. कोन न्हाई म्हणतंय?" आत्याबाईंनी घडी मोडली.

"दिवाळीला काय नेसू मी?"

"पायजमा."

मामा रागानं बाहेर गेले आणि पारावर बसून आले. मी मात्र ती धोतरं मशीनवर पसरली. वापरून मऊ झालेलं शुद्ध सुती कापड, पांढरं, म्हणजे रंगाचा धागाही जायला नको. ओझ्यानं फाटू नये म्हणून दुहेरी केलं. दोरा सुती लावला. प्रत्येक कड आत दुमडून वरून टीप मारली, की एकही सूत सुटायला जागा नको. आत्याबाई नाड्या ओवत होत्या. नवऱ्यानं कॉम्प्युटरवरचा रुमाल काढला, टेबल मोकळं केलं आणि त्यावर कापड कापून द्यायला लागला. त्या कॉम्प्युटरचा, निदान त्याच्या टेबलाचा, घराला झालेला हा पहिला उपयोग. पाच दिवसांत वीस झोळ्या झाल्या.

बाजाराला शेतकरी आला. त्यानं एक झोळी उलटी केली, आतली शिलाई नखानं खरवडून बघितली, नाडी ओढून बघितली. मग सगळ्या उचलल्या. जाताना म्हणाला, "आणखी दहा लागतील. पण अशाच." मी गेवराईहून जाडं सुती मांजरपाट आणायला बयाणा त्याच्याकडूनच घेतला, आणि चाचांनी मला बसल्या जागेवरून चहा सांगितला.

पण आत्याबाईंनी मशीनबद्दल एक शब्द काढला नव्हता. ना राहू दे, ना जाऊ दे. मीही विचारलं नाही. विचारावं आणि त्यांनी "ने म्हणले की मी" म्हणावं, तर काय करायचं? दिवाळीत करंज्या तळताना माझं लक्ष सारखं मशीनकडं.

भाऊबीजेला ताई आली. दाजी पिकअप घेऊन आले होते. मागचा हौदा रिकामा. ओवाळणी झाली, जेवणं झाली, ताईची पोरं आणि माझी पोरं अंगणात धुडगूस घालायला लागली. दाजी म्हणाले, "चला, उजेडात निघू." मग मला धीर धरवेना. मी मशीनपुढं जाऊन उभी राहिले आणि सगळ्यांसमोर बोलले.

"ताई, रागावू नका. पण मशीन मी देणार नाही. वडिलांनी दिलेली आहे. आणि आता ती चालती. दहा झोळ्यांचं काम हातात आहे. तुम्हाला लागलं तर मी शिवून देईन काय पण, जन्मभर. पण मशीन नाही."

बोलता बोलता मला रडू फुटलं. ताई हातातला फराळाचा डबा धरून तशीच उभी.

"कंची मशीन, वहिनी?"

"ही. तुम्ही मागितली ना."

"मी कवा मागितली? माज्या सासूची हाय की घरी. कोठीत पडलीय, पोत्याखाली. शिवतच न्हाई, टाकाच घालत न्हाई. मला एक उचलंना, मी दुसरी कशाला मागू?"

आम्ही सगळ्यांनी आत्याबाईंकडं पाहिलं. त्या उंबऱ्यापाशी बसून लेकीसाठी चटणी पुडीत बांधत होत्या. थंड दाण्यांची, थोडी थोडी फिरवलेली. मान वर केली नाही.

"आत्याबाई," मी म्हणाले, "ताईनं मागितलीच नव्हती?"

"न्हाई."

"मग?"

"मग काय? तुज्यावर दप्तरं ठिवलेली मला बघवत नव्हती." त्यांनी पुडीला दोरा गुंडाळला. "पण असं समजू नको की मी नुसती भीती घालत होते. चालली नसती, तर दिलीच असती. कोनाला बी दिली असती."

तुझ्यावर म्हणाल्या त्या, मशीनवर नाही. मला हसू आलं, आणि रडू तर आधीच आलेलं होतं. मी तिथंच खाली बसले. मामा ओट्यावरून म्हणाले, "आन माज्या धोतरांचं काय?"

आत्याबाईंनी चटणीची पुडी लेकीच्या हातात दिली आणि मग पहिल्यांदा नीट तिच्याकडं पाहिलं.

"तुजी पोत्याखाली पडलीय म्हणलीस न्हवं? बरं. गुढीपाडव्यापातूर बघते. न्हाई चालली तर हिच्याकडं आणायची. हिला दुसरी लागतीच हाय आता."

दाजी मुकाट्यानं पिकअपमध्ये जाऊन बसले.

चौथ्या दिवशी कड्याहून फोन आला. ताईनं ना माझी तब्येत विचारली, ना पोरांची.

"वहिनी," ती म्हणाली, "सुईची सपाट बाजू कुणीकडं करायची असती?"